दोन आण्यांचा हिशेब

बाबांची आजी जर्मन होती. ही गोष्ट आमच्या घरात कुणी लपवली नाही आणि मिरवलीही नाही. पणजोबा १९२०च्या दशकात बर्लिनला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि येताना पदवीबरोबर बायको घेऊन आले. लग्नानंतर तिचं नाव बदललं, ती नऊवारी नेसायला शिकली आणि मेथीच्या भाजीला शेवटपर्यंत गवत म्हणत राहिली. एवढंच आमच्यापर्यंत पोचलं.

हिशेब सोपा होता. पणजी सोळा आणे जर्मन, आजोबा आठ आणे, बाबा चार आणे आणि ताई व मी दोन-दोन आणे. टक्क्यांत सांगायचं तर साडेबारा. भाच्यानं अमेरिकेहून डीएनए चाचणीचे तीन संच मागवले. बाबा आणि मी तेव्हा ताईकडेच मुक्कामाला होतो, त्यामुळे तिघांनी एकाच सकाळी, चहाच्या आधी, नळ्यांमध्ये थुंकी भरून दिली. दीड महिन्यानं निकाल आले. बाबा युरोपीय २६ टक्के, ताई १६, मी ९. ताईला अडीच आणे मिळाले आणि मला जेमतेम दीड. आत्याची पहिली प्रतिक्रिया होती, "हा लहानपणापासूनच आपल्याकडचा वाटतो." दुसरी प्रतिक्रिया तिनं खासगीत दिली: दोघं सख्खीच ना?

आमच्यासारखी उत्सुकता असलेल्या कुणालाही पुढे हाच प्रश्न पडतो. आपला वंश शोधायचा तर पैसे आणि सुट्ट्या कुठे घालाव्यात, थुंकीच्या नळीत की वंशावळीत? मी दोन्हीकडे घातले आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण आधी आत्याच्या शंकेचं बघू, कारण दोन्हींतला फरक तिथेच उघडा पडतो.

वंशावळ माणसं मोजते. तिच्या हिशेबात आठही पणजी-पणजोबांचा हक्क सारखा, प्रत्येकी दोन आणे, आणि हा वाटा सख्ख्या भावंडांत एका पैनंही बदलत नाही. डीएनए माणसं मोजत नाही, तुकडे मोजतो. आपल्याकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. बाबांच्या पेशींत चौथ्या क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत आजोबांची आहे आणि दुसरी आजीची. मला देताना बाबांना एकच प्रत देता येते. ती बनते कशी, तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून एखाद्या ठिकाणी कापतात आणि वरचा भाग एकीचा, खालचा दुसरीचा असा जोडतात. कधी दोन ठिकाणी कापतात, कधी कापतच नाहीत आणि एक प्रत जशीच्या तशी पुढे जाते. पुरुषाच्या बाबतीत बावीस गुणसूत्रांवर मिळून असे जोड सरासरी सव्वीस-सत्तावीसच पडतात. स्त्रीच्या बाबतीत चाळिसाच्या वर. म्हणजे वडिलांकडून येणारे तुकडे मोठे आणि मोजके असतात. पत्ते कमी पिसले की एकाच रंगाची पानं लागोपाठ एकाच्या हातात येतात, तसं.

आमच्या घरात तर ही जर्मन शिदोरी दोनदा पुरुषांच्याच हातून आली, आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून आमच्याकडे. म्हणजे दोनदा कमी पिसलेली. तेव्हा वाटणी असमान झाली यात नवल नव्हतं. ती बरोबर साडेबारा-साडेबारा झाली असती तरच मला संशय आला असता.

चौथ्या गुणसूत्राचंच उदाहरण घेतो, कारण आमचा निम्मा निकाल तिथेच लागला. बाबांकडे या गुणसूत्राची आजोबांकडून आलेली प्रत जवळजवळ सगळी जर्मन आहे. म्हणजे आजोबांनी स्वतःच्या आईचीच प्रत बाबांना फारशी न कापता दिली. बाबांनी तीच प्रत ताईला जवळपास अखंड दिली. मला मात्र त्या जागी आजीची, म्हणजे सांगलीच्या माणसांची प्रत मिळाली. चौथं गुणसूत्र बऱ्यापैकी लांब आहे. त्याच्या एका प्रतीचं वजन आपल्या एकूण डीएनएच्या तीन टक्क्यांहून थोडं जास्त भरतं. ताईच्या आणि माझ्या आकड्यांतला फरक सात टक्क्यांचा, आणि त्यातले तीन एका झटक्यात इथेच गेले. उरलेले सातव्या आणि बाराव्या गुणसूत्रावर सापडले. उलट सोळावं गुणसूत्र माझ्याकडे बरंचसं जर्मन आहे आणि ताईकडे मुळीच नाही, पण ते आखूड, त्यानं तोल सावरला नाही.

आत्याच्या शंकेचं उत्तरही त्याच आकड्यांत होतं. सख्खी भावंडं सरासरी निम्मा डीएनए वाटून घेतात असं आपण शाळेत शिकतो, पण सरासरी हा शब्द तिथे कुणी ठळक करत नाही. २००६ साली चार हजारांहून जास्त सख्ख्या जोड्या मोजल्या गेल्या, तेव्हा हा वाटा ३७ टक्क्यांपासून जवळपास ६२ टक्क्यांपर्यंत पसरलेला निघाला. शिवाय सावत्र आणि सख्खं ओळखायला वंशाचे टक्के लागतच नाहीत. सख्ख्या भावंडांत साधारण पाव डीएनए असा असतो की तिथे दोघांना आईकडूनही तोच तुकडा आलेला असतो आणि वडिलांकडूनही तोच. फक्त आई किंवा फक्त वडील एक असतील तर असे दुहेरी जुळणारे लांब पट्टे दिसत नाहीत. मी आमच्या दोघांच्या फाइली जीईडीमॅच या डीएनए ताडून पाहणाऱ्या संकेतस्थळावर चढवल्या. तिथे दुहेरी जुळणी हिरवी दिसते, एकेरी पिवळी आणि जिथे काहीच जुळत नाही तिथे लाल. आमचे हिरवे पट्टे आत्याला फोनवर दाखवले. तिनं चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, हिरवं बरं दिसतंय.

इथवर चाचणीची बाजू भक्कम आहे, आणि ती भक्कम आहे असं मी मनापासून म्हणतो. युरोपीय आणि भारतीय तुकडे इतके वेगळे असतात की ते ओळखताना सहसा गफलत होत नाही. ९ आणि १६ हे दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते 'आपण किती जर्मन' याचं उत्तर नाहीत, 'पणजीचे किती तुकडे आपल्यापर्यंत पोचले' याचं आहेत. एखाद्या भावंडापर्यंत आणखी कमी पोचले असते. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशावळीत १०२४ घरं असतात (मामाची मुलगी करण्याच्या आपल्या रिवाजामुळे त्यांतली बरीच नावं दुहेरी निघतात ते सोडा), पण आपल्यापर्यंत तितक्या मागून येणारे तुकडे असतात साडेसहाशेच्या आसपास, आणि काहींचे दोन-तीन पोचतात. म्हणजे त्या पूर्वजांपैकी जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा आपल्यात नसतो. ते वंशावळीत पूर्वज आहेत आणि डीएनएत नाहीत. ताईच्या यादीतून गळलेले आणि माझ्या यादीतून गळलेले पूर्वजही वेगवेगळे.

आता ज्या गोष्टीनं माझं मत ठरलं ती सांगतो. ती युरोपीय ९ टक्क्यांची नाही, उरलेल्या ९१ची आहे.

या ९१ टक्क्यांची फोड करताना माझ्या निकालात 'गुजरात' या नावापुढे २१ टक्के होते. ताईच्या निकालात त्याच नावापुढे ६. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, आईचं माहेर वाईचं, आणि गुजरातशी आमचा ज्ञात संबंध म्हणजे बाबांची बडोद्याची दोन वर्षांची नोकरी. पण आकडा २१ होता, दशांश चिन्हासकट छापलेला होता आणि शेजारी नकाशा रंगवलेला होता. माझा विश्वास बसला. जर्मन तुकड्यांची वाटणी असमान झाली तशीच ही झाली असेल असं मी धरून चाललो, कारण नियम तर तोच. मी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की आपल्यात गुजरातचं रक्त दिसतंय. दोन दिवसांत आम्ही सुरतेचे झालो. १६६४च्या लुटीच्या वेळी आपण लुटणाऱ्यांत होतो की लुटल्या गेलेल्यांत, यावर एका काकांनी आणि त्यांच्या जावयांनी गंभीर चर्चा केली. एकानं कुलदेवतेचा संबंध लावला. मी मध्येमध्ये 'शक्यता आहे' असं लिहीत राहिलो, ते आता वाचवत नाही.

चौदा महिन्यांनी कंपनीचा ईमेल आला की त्यांनी पद्धत सुधारली आहे आणि तुमचे निकाल अद्ययावत झाले आहेत. नवी थुंकी नाही, नवी नळी नाही, तोच नमुना आणि त्याच नोंदी. युरोपीय ९चे ८ झाले, ताईचे १६ तसेच राहिले. गुजरात २१वरून ४वर आलं. ताईचं ६वरून ७ झालं. माझे सतरा टक्के पूर्वज एका रात्रीत दक्षिणेकडे सरकले आणि त्यांची जागा 'दख्खन' नावाच्या नव्या रंगानं घेतली. काकांना काय सांगायचं?

तेव्हा कुठे मी नीट शोधायला बसलो. सरसकट चूक म्हणण्यासारखं काही नव्हतं, पण हा आकडा कसा बनतो ते मला आधी कळायला हवं होतं. या चाचणीत सगळा डीएनए वाचत नाहीत, ठरावीक सहा-सात लाख ठिकाणं तपासतात. मग प्रत्येक गुणसूत्राचे छोटे-छोटे भाग पाडून प्रत्येक भाग कंपनीजवळच्या संदर्भ गटांशी ताडून पाहतात. हे संदर्भ गट म्हणजे आजची जिवंत माणसं, ज्यांच्या चारही आज्या-आजोबांचा एकच प्रदेश आहे असं त्यांनी सांगितलेलं असतं. तुमचा तुकडा ज्या गटाशी सगळ्यांत जास्त जुळतो त्याचं नाव त्याला मिळतं. जर्मन आणि मराठी यांतली निवड सोपी आहे. मराठी आणि गुजराती यांतली निवड म्हणजे एकाच विहिरीच्या दोन बादल्या ओळखणं. २००९ साली डेव्हिड राइख, कुमारस्वामी थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आजचे बहुतेक भारतीय समाज दोन जुन्या प्रवाहांच्या वेगवेगळ्या प्रमाणातल्या मिश्रणातून आले आहेत. शेजारच्या प्रांतांत हे प्रमाण थोडंफारच बदलतं. त्यातून संदर्भ गटात कोकणातली माणसं कमी आणि गुजरातेतून अमेरिकेत गेलेली जास्त असतील, तर कोकणातला तुकडा कुठे ओढला जाईल ते सांगायला नको.

मला मात्र पुरावा हवा होता, तर्क नको. तो ताईनंच दिला, म्हणजे तिच्या फाइलीनं. मघाशी सांगितलेले हिरवे पट्टे आठवा. तिथे आमच्या दोघांकडे आई-वडिलांचे नेमके तेच तुकडे आहेत. आमच्या इतर डीएनएत कितीही फरक असो, हिरव्या पट्ट्यात आम्ही जुळ्यांसारखे. तेव्हा तिथे दोघांच्या वंशाची नावंही एकच यायला हवीत. अकराव्या गुणसूत्रावर आमचा एक लांब हिरवा पट्टा आहे. जुन्या निकालात तिथे माझ्या एका प्रतीवर 'गुजरात' लिहिलं होतं आणि ताईच्या दोन्ही प्रतींवर 'दक्षिण भारत'. डीएनए तोच, नावं दोन. आठवं गुणसूत्र पाहिलं, तिथेही तेच. जर्मन तुकडे ज्या हिरव्या पट्ट्यांत होते तिथे मात्र दोघांची नावं तंतोतंत जुळली.

भावंडांच्या आकड्यांत फरक पडायला दोन वेगळी कारणं असतात आणि निकालाच्या पानावर ती एकाच रंगानं रंगवलेली दिसतात. एक कारण खरं: वाटणीच असमान झाली. दुसरं कारण अंदाजाचं: वाटणी तीच, पण नाव देणाऱ्याचा हात हलला. यंत्रणेला एखाद्या तुकड्याचं नाव ठरवता आलं नाही की ती आजूबाजूचे तुकडे बघून ठरवते, आणि हिरव्या पट्ट्याच्या बाहेर माझी आणि ताईची आजूबाजू वेगळी. त्यामुळे एकाच तुकड्याला दोन घरांत दोन नावं पडली. माझा जर्मन फरक पहिल्या कारणाचा होता आणि गुजरातचा बव्हंशी दुसऱ्या. हे कळण्यासाठी मला बहिणीची फाइल, बाबांची फाइल आणि तीन रविवार लागले. कंपनीनं निकालाखाली बारीक अक्षरात 'हे अंदाज आहेत' असं लिहिलं होतं, हे खरं. आकडा ठळक होता आणि खुलासा बारीक, इतकीच माझी तक्रार आहे. पण ती माझ्या मनातून जात नाही, हेही खरं.

वंशावळीबद्दल मी आंधळा नाही. आमचा छापील कुलवृत्तांत आजोबांच्या वेळचा. त्यात अकरा पिढ्या आहेत आणि बायका जवळजवळ नाहीत. मुलींपुढे 'कन्या २' एवढंच. सुनांचं सासरचं नाव आणि असलंच तर माहेरचं आडनाव. जर्मन पणजी तिथे पणजोबांच्या नावाखाली तिच्या मराठी नावानं उभी आहे आणि 'माहेर'पुढे एक छोटी रेघ. कुलवृत्तांत वाचून ती जर्मन होती हे कुणालाही कळणार नाही. थुंकीच्या नळीनं ते सहा आठवड्यांत सांगितलं, हे मान्य करायलाच हवं.

दुसरा घोळ मोठा आहे. बाबांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. आमच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत खापरपणजोबांच्या हातची नोंद सापडली. नोंद मोडीत होती, त्यांनीच वाचून दाखवली. गाव, वडिलांचं नाव, भावांची नावं आणि शेवटी 'दत्तक', पूर्वीच्या आडनावासह. छापील कुलवृत्तांतात हा शब्द नाही. म्हणजे त्यांच्या वरच्या सगळ्या पिढ्या आडनावानं आणि हक्कानं आमच्या आहेत, श्राद्धात आम्ही त्यांचीच नावं घेतो, पण त्यांचा तुकडा आमच्यात असण्याचं कारण नाही. वंशावळ आणि डीएनए इथे सरळ फारकत घेतात, आणि फक्त रक्ताचंच जाणून घ्यायचं असेल तर वंशावळ अशा ठिकाणी फसवते. बाबा त्या दिवशी परतीच्या वाटेवर नाशिकपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "तर्पण तर त्यांनाच पोचणार ना?" मी हो म्हटलं.

तरीही मला या दोन चुकांत फरक वाटतो. नामावळीतल्या किंवा कुलवृत्तांतातल्या चुकीला पत्ता असतो. ती कुठल्या पानावर आहे, कुणाच्या हातची आहे, कोणतं दुसरं पान तिला खोटं ठरवतं, हे दाखवता येतं आणि दुरुस्ती केली की ती टिकते. गुजरातच्या २१ टक्क्यांना असा पत्ता नव्हता. ते कुठून आले ते सांगता येत नव्हतं आणि गेले तेव्हाही कुणी पावती दिली नाही.

आणि माझं पारडं शेवटी त्या 'माहेर'पुढच्या रेघेनं झुकलं. पणजीचा जन्म १९०४चा, गॉटिंगेनचा, एवढं तिच्या जुन्या पासपोर्टावरून माहीत होतं. जर्मनीत १८७६पासून देशभर जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी आहे. जन्माची नोंद ११० वर्षांनी, विवाहाची ८० वर्षांनी आणि मृत्यूची ३० वर्षांनी सर्वांना खुली होते. म्हणजे तिची नोंद कधीच खुली झाली होती. शहराच्या अभिलेखागाराला ईमेल केला, थोडे युरो भरले आणि छायाप्रत आली. छापील नमुन्यात कुरेंट नावाच्या जुन्या जर्मन वळणात भरलेली. ती वाचणं म्हणजे मोडी वाचण्यासारखंच, सवयीचा माणूस लागतो. भाच्याच्या ओळखीच्या एका जर्मन बाईंनी वाचून दिली. वडिलांचा धंदा घड्याळ दुरुस्तीचा, धर्म प्रोटेस्टंट, आणि आईच्या नावानंतर 'गेबोरेन' हा शब्द व पुढे तिचं माहेरचं आडनाव. आमच्या अकरा पिढ्यांच्या ग्रंथात जी जागा रिकामी आहे ती तिथल्या साध्या सरकारी कागदावर सक्तीनं भरलेली होती. मी तो शब्द बराच वेळ बघत होतो.

त्या आडनावाच्या शेवटी '-स्की' आहे. मग तिच्या आई-वडिलांच्या विवाहाची नोंद मागवली, कारण जन्मस्थळ त्यात असतं. आईचा जन्म पोझन प्रांतातला. तो तेव्हा प्रशियात होता, आज पोलंडमध्ये आहे. आता ताईचा निकाल पुन्हा उघडला. तिच्या १६ टक्क्यांत १३ 'उत्तर-पश्चिम युरोप' होते आणि ३ 'पूर्व युरोप'. माझ्या निकालात पूर्व युरोप नाहीच. हे ३ टक्के आम्ही इतके दिवस किरकोळ म्हणून सोडून दिले होते. त्यातला मोठा तुकडा चौथ्या गुणसूत्राच्या खालच्या अर्ध्या भागावर निघाला, म्हणजे जिथे ताईला आजोबांची प्रत आली आणि मला आजीची. बाबांच्या फाइलीत तो तुकडा त्याच जागी आहे. घड्याळवाल्याच्या बायकोचा एक ओळखता येणारा तुकडा ताईत आहे आणि माझ्यात नाही. फार छाती ठोकून म्हणत नाही, कारण पूर्व जर्मनीतल्या अनेकांना असं लेबल मिळतं आणि पोझनमध्ये जर्मनही पुष्कळ होते. पण '-स्की', पोझन आणि चौथं गुणसूत्र हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. गुजरातच्या बाबतीत माझ्याकडे असं एकही बोट नव्हतं.

चाचणीनं 'पूर्व युरोप' हे नाव दिलं, पण ते कुणाचं ते वंशावळीनं सांगितलं. हे उलट्या क्रमानं झालं असतं का, माहीत नाही. चाचणीशिवाय मी विवाहाची नोंद मागवलीच नसती, असंही ताई म्हणते. तिला तिचे अडीच आणे आवडतात आणि ती चाचणीच्या बाजूची आहे.

म्हणून कुणी मला विचारलं तर माझं उत्तर साधारण असं असतं. दत्तक गेलेल्या किंवा वडील कोण हे माहीत नसलेल्या माणसाला नामावळीचा उपयोग नाही. त्यानं खुशाल चाचणी करावी, आणि टक्क्यांकडे न बघता नातेवाइकांच्या जुळणीची यादी बघावी. तिथे जवळच्या नात्यांत सहसा चूक होत नाही. लांबच्या नात्यांत आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्नं होत आल्यामुळे चौथ्या पिढीतला माणूस तिसऱ्या पिढीतला वाटतो, तेवढं सांभाळावं. बाकीच्यांनी, माझ्या मते, आधी घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईकडे वही घेऊन बसावं आणि प्रत्येक सुनेचं माहेर विचारावं, कारण छापील पुस्तकांत तेच नसतं. नंतर हौस असेलच तर चाचणी करावी, पण स्वतःची नाही, आई-वडिलांची करावी. बाबांच्या २६ टक्क्यांत ताईचे १६ही आहेत, माझे ९ही आहेत आणि दोघांनाही न मिळालेले काही तुकडेसुद्धा आहेत. एका मुलात वडिलांकडचा निम्मा माल येतो, दोघांत मिळून सरासरी पाऊण, तिघांत साडेसत्त्याऐंशी टक्के. आई-वडील नसतील तर सगळ्या भावंडांनी करावी. एकट्यानं केली तर मिळालेला आकडा घराण्याचा नसतो, आपल्या वाटणीचा असतो. भारतातल्या प्रांतांचे टक्के आले की ते व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी एक अद्ययावत निकाल येऊन जाऊ द्यावा.

सुरतेचं प्रकरण मी अजून मिटवलेलं नाही. काकांनी ते त्यांच्या नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेत घालायचं ठरवलं होतं, ते आत्यानं रोखलं. बाबांनी मात्र विवाहाची नोंद आली त्या संध्याकाळी कुलवृत्तांत काढला आणि पणजीच्या नावापुढची रेघ खोडून तिथे घड्याळवाल्याचं आडनाव देवनागरीत लिहिलं. शेजारी कंसात तिच्या आईचं '-स्की'वालं. पेन्सिलीनं. शाईनं का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले जन्माच्या नोंदीत आणि विवाहाच्या नोंदीत एका अक्षराचा फरक आहे, तिसरा कागद येऊ दे.